पोस्ट वाचली आहे, हे पहिल्या दोन ओळींत दिसू द्या

अपवर्कसारख्या ठिकाणी क्लायंट काम टाकतो, तेव्हा त्याच्यासमोर येणाऱ्या प्रपोजलांची एक यादी तयार होते. यादीत प्रत्येक फ्रीलान्सरचा फोटो, नाव, कामाचं शीर्षक, दर आणि पत्राच्या सुरुवातीच्या दोनेक ओळी दिसतात. पुढचं पत्र वाचायचं तर त्यावर क्लिक करावं लागतं. मागणी असलेल्या कामाला वीस-पन्नास प्रपोजलं सहज येतात. ती सगळी उघडून शेवटपर्यंत वाचायला कुणाकडेच वेळ नसतो. म्हणून क्लायंट वरच्या ओळींवरून नजर फिरवतो, त्यातली चार-पाच उघडतो आणि दोघातिघांशी बोलतो.

आता त्या दोन ओळींत बहुतेक लोक काय लिहितात ते पाहा. ‘नमस्कार सर/मॅडम, मी तुमची पोस्ट काळजीपूर्वक वाचली. मला या क्षेत्रातला पाच वर्षांचा अनुभव आहे. मी हे काम उत्तम प्रकारे करू शकतो.’ यात खोटं काहीच नसेल, पण हेच वाक्य शेजारच्या लोगोच्या कामाला चिकटवलं तरी चालेल आणि पलीकडच्या टायपिंगच्या कामालाही. ‘पोस्ट वाचली’ असं लिहिल्यानं ती वाचल्याचं सिद्ध होत नाही. ती वाचल्यावर तुमच्या डोक्यात जो विचार आला, तो लिहिला तरच ते दिसतं. प्रपोजलाची सगळी बांधणी या एका गोष्टीवर उभी असते, म्हणून एक पोस्ट घेऊन ती वाचण्यापासून पत्र पूर्ण होईपर्यंतचा प्रवास इथे करू.

उदाहरणाची पोस्ट

ही पोस्ट समजावण्यासाठी रचलेली आहे, पण अशी कामं रोज येतात. ऑगस्टचा पहिला आठवडा आहे. मेलबर्नमधला एक रोपवाटिकेचा मालक लिहितो:

‘आमच्या तीन शाखांच्या ग्राहक याद्या तीन एक्सेल फायलींत आहेत. सगळ्या मिळून साधारण 5,500 ओळी. तिन्हींची मिळून एकच स्वच्छ यादी हवी, मेलचिंपमध्ये टाकता येईल अशी. काही ग्राहक दोन शाखांत आहेत. मागच्या वेळी ज्याला काम दिलं त्यानं डुप्लिकेट सरसकट उडवले आणि बऱ्याच ग्राहकांच्या खरेदीची माहिती गेली. तसं पुन्हा नको. वसंताच्या सेलचे ईमेल सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जायचे आहेत. बजेट 150 डॉलर. पोस्ट शेवटपर्यंत वाचली असेल तर उत्तराची सुरुवात ‘फर्न’ या शब्दानं करा.’

पोस्ट चार वेळा वाचा, दर वेळी वेगळ्या नजरेनं

पहिल्या वाचनात फक्त सूचना शोधा. इथे ‘फर्न’ हा शब्द अगदी शेवटी दडवला आहे. अशी सूचना म्हणजे क्लायंटची चाळणी असते. ज्या पत्राच्या सुरुवातीला तो शब्द नाही, ते तो उघडतसुद्धा नाही. शब्द सुरुवातीला मागितला असेल तर तो पहिलाच आला पाहिजे, ‘नमस्कार’च्या नंतर नाही. पोस्टसोबत वेगळे प्रश्न विचारले असतील तर त्यांची उत्तरंही याच वेळी टिपून ठेवा. त्या प्रश्नांखाली पत्रातलाच मजकूर पुन्हा चिकटवू नका. ज्यानं प्रश्न विचारला, त्याला ते लगेच कळतं.

दुसऱ्या वाचनात कामामागचं काम शोधा. या माणसाला स्वच्छ यादी हवी आहे, पण ती कशासाठी? सेलचे ईमेल वेळेवर, योग्य लोकांना जावेत म्हणून. ऑस्ट्रेलियात वसंत सप्टेंबरमध्ये सुरू होतो आणि रोपवाटिकेचा तो ऐन हंगाम असतो. यादी सप्टेंबर उजाडल्यावर हातात आली तर तिचा उपयोग निम्मा होतो. शिवाय ती मेलचिंपमध्ये टाकून एकदा पाहायला त्याला चार-सहा दिवस हवेत. म्हणजे पोस्टमध्ये मुदत लिहिलेली नसली तरी खरी मुदत ऑगस्टच्या 25 तारखेच्या आसपास येते.

तिसऱ्या वाचनात भीती शोधा. जवळजवळ प्रत्येक पोस्टमध्ये एक वाक्य जुन्या अनुभवातून आलेलं असतं: ‘वेळेवर उत्तर देणाराच हवा’, ‘टेम्प्लेट नको’, ‘मागच्या वेळी असं झालं’. पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य बहुधा हेच असतं. इथे भीती अगदी स्पष्ट आहे, माहिती पुन्हा हरवेल की काय ही.

चौथ्या वाचनात जे लिहिलेलं नाही ते शोधा. इथे तुमचं ज्ञान कामाला येतं. दोन शाखांत एकाच ग्राहकाचे वेगवेगळे पत्ते असतील तर कोणता खरा धरायचा? एकाच ईमेलवर नवरा-बायको दोघांची नावं असतील तर काय करायचं? मेलचिंपच्या एका यादीत एका ईमेलचा एकच संपर्क राहतो, त्यामुळे हा प्रश्न टळणारा नाही. ज्यांचा ईमेलच नाही अशा ग्राहकांचं काय? आणि ज्यांनी पूर्वी ‘मला ईमेल पाठवू नका’ असं कळवलं आहे, त्यांची नोंद कुठे आहे? हा शेवटचा मुद्दा साधा नाही. ऑस्ट्रेलियाच्या 2003च्या स्पॅम कायद्यानुसार नको म्हणणाऱ्याला पाच कामकाजाच्या दिवसांत यादीतून वगळावं लागतं. तीन याद्या एकत्र करताना अशी माणसं नकळत परत आत आली, तर त्रास दुकानदाराला होणार.

यासोबत क्लायंटची आधीची नोंदही पाहा. त्याचं पेमेंट पडताळलेलं आहे का, आजवर किती पैसे खर्च केले, टाकलेल्या कामांपैकी किती कामांना माणूस नेमला आणि आधीच्या फ्रीलान्सरांनी त्याच्याबद्दल काय लिहिलं, हे पोस्टच्याच पानावर दिसतं. बऱ्याच कामांना कुणालाच न नेमणाऱ्या क्लायंटसाठी तासभर घालवण्यात अर्थ नसतो. अपवर्कवर प्रपोजल पाठवायला ‘कनेक्ट’ लागतात आणि एका कनेक्टला 15 सेंट पडतात, म्हणजे प्रत्येक पत्राला वेळेशिवाय पैशांचाही खर्च आहे.

सुरुवातीच्या ओळी

आता याच पोस्टसाठी तीन सुरुवाती शेजारी ठेवून पाहू. मसुदे इथे मराठीत दिले आहेत. पाठवताना अर्थातच इंग्रजीत लिहायचे, पण वाक्यं अशीच छोटी ठेवायची.

पहिली: ‘फर्न. मला एक्सेल आणि डेटा क्लीनिंगचा सहा वर्षांचा अनुभव असून मी शंभर टक्के अचूक काम करतो.’ सूचना पाळली, म्हणून हे पत्र चाळणीतून सुटेल. पण फर्ननंतरचं सगळं स्वतःबद्दल आहे. क्लायंटचा प्रश्न अजून जागचा हललेला नाही.

दुसरी: ‘फर्न. तुम्हाला तीन शाखांच्या 5,500 ओळींची एक यादी करून ती मेलचिंपमध्ये टाकायची आहे, हे मी वाचलं.’ ही चूक चांगले लोकही करतात. त्यांना वाटतं, पोस्टमधले आकडे आणि नावं परत लिहिली की वाचल्याचा पुरावा मिळतो. पण हे सगळं क्लायंटला ठाऊकच आहे, त्यानंच ते लिहिलं आहे. त्याच्याच वाक्यांची उजळणी करून त्याच्या हाती नवं काही पडत नाही.

तिसरी: ‘फर्न. मागच्या वेळी माहिती गेली ती बहुधा अशी: एक्सेलमधलं Remove Duplicates पहिली ओळ ठेवतं आणि बाकीच्या काढून टाकतं, त्यांच्यासोबत त्यांतली खरेदीही जाते. मी आधी दोन्ही ओळींतली माहिती एका ओळीत आणतो, जादाची ओळ त्यानंतर काढतो.’

ही ओळ का चालते ते नीट पाहा. क्लायंटची भीती तिनं अचूक पकडली आहे. त्या भीतीचं कारण सांगितलं आहे, आणि ते कारण त्याला आजवर कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यावरचा उपायही दोन वाक्यांत आला आहे. ‘मी अनुभवी आहे’ असं कुठेच लिहिलेलं नाही, पण वाचणाऱ्याला ते समजतं. ‘बहुधा’ हा शब्दही विचारपूर्वक आला आहे. तुम्ही फायली पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे खात्रीनं बोलणं उथळ दिसेल. अंदाज अंदाज म्हणूनच मांडावा.

याच पोस्टसाठी आणखी एक सुरुवात होऊ शकते: ‘फर्न. फोनच्या रकान्यात 4ने सुरू होणारे नऊ आकडी नंबर दिसतात का? तसं असेल तर एक्सेलनं सुरुवातीचा शून्य खाल्ला आहे, तो परत आणता येतो.’ ऑस्ट्रेलियातले मोबाइल नंबर 04ने सुरू होतात आणि दहा आकडी असतात. एक्सेल त्यांना संख्या समजून पुढचा शून्य टाकून देतं. क्लायंट फाइल उघडून पाहील आणि तसं निघालं तर तुमच्यावरचा विश्वास तिथेच बसेल. तरीही या पोस्टसाठी मी पहिली पसंती खरेदीच्या माहितीच्या ओळीला देईन, कारण त्याची भीती तिथे आहे आणि ईमेल पाठवायला फोन नंबर लागत नाही. चतुर निरीक्षण आणि नेमकं निरीक्षण यांतला फरक हाच.

एवढं माहीत नसेल, कारण विषय तुमच्यासाठी थोडा नवा असेल, तर काय? तेव्हा निर्णय मागणारा प्रश्न सुरुवातीला घ्या: ‘फर्न. एकाच ग्राहकाचे दोन शाखांत दोन पत्ते असतील तर कोणता ठेवायचा, शेवटच्या खरेदीच्या वेळचा की दोन्ही?’ असा प्रश्न फक्त वाचणारा आणि काम डोळ्यांसमोर आणणारा माणूसच विचारू शकतो. मात्र ज्याचं उत्तर पोस्टमध्येच आहे असा प्रश्न चुकूनही येऊ देऊ नका. ‘साधारण किती ओळी आहेत?’ असं विचारलंत की पोस्ट न वाचल्याची कबुली तुम्ही स्वतःच दिलीत.

सुरुवात तपासायची एक सोपी कसोटी आहे. ती ओळ उचलून त्याच प्रकारच्या दुसऱ्या पोस्टखाली ठेवून पाहा. तिथेही ती बसली, तर ती अजून कच्ची आहे.

उरलेल्या पत्राची बांधणी

पत्र उघडलं गेलं की पुढच्या मजकुराला चारच गोष्टी सांगायच्या असतात, आणि याच क्रमानं: काम कसं करणार, हे तुम्हाला जमतं याचा एक पुरावा, काय-केव्हा-किती, आणि एक प्रश्न. सगळं मिळून इंग्रजीत दीडशे ते अडीचशे शब्द पुरतात.

*काम कसं करणार.* तीन किंवा चार पायऱ्या. प्रत्येक पायरी क्लायंटला समजेल अशी असावी, आणि तिच्या शेवटी त्याच्या हातात काय येईल ते दिसावं. ‘पॉवर क्वेरी वापरून फझी मॅचिंग करीन’ हे त्याला अगम्य आहे. ‘ईमेल जुळणाऱ्या ओळी थेट एकत्र करीन, फक्त नाव जुळणाऱ्या ओळी तुम्हाला वेगळ्या शीटवर दाखवून विचारीन’ हे त्याला लगेच कळतं. शिवाय यातून त्याला हेही समजतं की संशय असेल तिथे हा माणूस परस्पर निर्णय घेणार नाही. त्याला नेमकं तेच हवं आहे.

*एक पुरावा.* पोर्टफोलिओतली दहा कामं जोडू नका, या कामाच्या सगळ्यात जवळचं एक निवडा आणि त्यात काय झालं ते दोन वाक्यांत सांगा. डेटाच्या कामात इथे एक सापळा आहे. पुरावा म्हणून दुसऱ्या क्लायंटच्या खऱ्या ग्राहकांची यादी दिसणारा स्क्रीनशॉट जोडला, तर वाचणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो की उद्या माझ्या ग्राहकांचे फोन नंबरही असेच फिरतील. नावं आणि नंबर झाकलेलं चित्र किंवा बनावट नावांचा नमुनाच जोडावा. अजून एकही काम मिळालेलं नसेल, तर दोनशे काल्पनिक ओळींची बिघडलेली फाइल स्वतः तयार करा, ती दुरुस्त करा आणि आधीची-नंतरची अशा दोन्ही जोडा. ‘हा मी सरावासाठी केलेला नमुना आहे’ असं स्पष्ट लिहा. खोटा अनुभव दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नात उघडा पडतो, प्रामाणिक नमुना मात्र तपासता येतो.

*काय, केव्हा, किती.* इथे बहुतेक पत्रं मोघम होतात. हातात देण्याच्या वस्तूंची नावं लिहा, तारीख लिहा आणि काय यात येत नाही तेही लिहा. 150 डॉलरचा हिशेब आधी स्वतःपुरता मांडा. फायली तपासायला दोन तास, रकाने एकसारखे करायला दोन, जोडण्या करायला तीन, क्लायंटच्या उत्तरांनंतरच्या दुरुस्त्या आणि शेवटची तपासणी दोन, असे नऊ तास. अपवर्कची फी 10 टक्के धरली तर हाती 135 डॉलर, म्हणजे तासाला 15. हे तुम्हाला परवडत असेल तरच पाठवा. परवडत नसेल तर काम लहान करून तेवढ्या पैशात सांगा, किंवा वेगळी रक्कम कारणासह लिहा. फक्त निवडून यावं म्हणून 60 डॉलर लिहिणं इथे उलटं पडू शकतं. ज्याचं नुकसान एकदा झालं आहे, त्याला फार स्वस्त माणसाची धास्तीच वाटते.

ठरावीक रकमेचं काम असेल तर रक्कम टप्प्यांत विभागा. इथे पहिला टप्पा 40 डॉलरचा ठेवता येईल: काहीही न पुसता तिन्ही फायली तपासून कुठे काय बिघडलं आहे याचा एक पानी अहवाल. दुसरा 110 डॉलरचा: अंतिम यादी. क्लायंटला 40 डॉलरमध्ये तुमची पारख करता येते. तुम्हालाही फायली प्रत्यक्ष पाहिल्यावर काम तिप्पट निघालं तर बोलायला जागा राहते. त्या टप्प्याची रक्कम क्लायंटनं आधी जमा केली आहे, हे पाहूनच काम सुरू करा.

*एक प्रश्न.* शेवट ‘तुमच्या उत्तराची वाट पाहतो’ या वाक्यावर झाला तर क्लायंटला करण्यासारखं काही उरत नाही. शेवटी असा प्रश्न ठेवा की तो दोन शब्दांत उत्तर देऊ शकेल आणि त्या उत्तरानं काम पुढे सरकेल. पाच प्रश्न विचारले तर तो ‘नंतर सावकाश लिहू’ म्हणतो आणि विसरतो.

सगळं एकत्र

वरच्या पोस्टचं पूर्ण प्रपोजल असं होईल:

‘फर्न. मागच्या वेळी माहिती गेली ती बहुधा अशी: एक्सेलमधलं Remove Duplicates पहिली ओळ ठेवतं आणि बाकीच्या काढून टाकतं, त्यांच्यासोबत त्यांतली खरेदीही जाते. मी आधी दोन्ही ओळींतली माहिती एका ओळीत आणतो, जादाची ओळ त्यानंतर काढतो.

काम असं करीन:
1. तुमच्या मूळ फायलींना हात लावणार नाही, प्रतींवर काम करीन. प्रत्येक ओळीला शाखेचं नाव जोडीन, म्हणजे कोणती माहिती कुठून आली ते शेवटपर्यंत कळेल.
2. ईमेल सारखा असलेल्या ओळी एकत्र करीन, दोन्ही शाखांतली खरेदी जपून. फक्त नाव किंवा फोन जुळत असेल तर त्या ओळी वेगळ्या शीटवर ठेवून तुम्हाला विचारीन.
3. ईमेल नसलेले ग्राहक आणि ईमेल नको म्हणालेले ग्राहक वेगवेगळ्या याद्यांत ठेवीन, म्हणजे सेलचा ईमेल चुकीच्या माणसाला जाणार नाही.

असंच काम मी दोन दुकानांच्या याद्यांसाठी केलं आहे. नावं झाकलेला आधीचा-नंतरचा नमुना जोडला आहे.

तुम्हाला मिळेल: मेलचिंपसाठी सीएसव्ही फाइल, तुमच्या निर्णयासाठीची शीट आणि काढलेल्या प्रत्येक ओळीची नोंद. तपासणीचा अहवाल फायली मिळाल्यापासून तीन दिवसांत (40 डॉलर), अंतिम यादी 24 ऑगस्टपर्यंत (110 डॉलर), म्हणजे ईमेल जाण्याआधी तपासायला तुमच्याकडे आठवडा राहील. मेलचिंपमध्ये ईमेलची रचना करणं यात धरलेलं नाही.

एक प्रश्न: ईमेल नको म्हणालेल्यांची नोंद या फायलींत आहे की मेलचिंपमध्ये? मी तुमच्या दुपारी दीड ते पाच या वेळेत लगेच उत्तर देऊ शकतो.’

नमुन्याचं वाक्य खरं असेल तरच लिहायचं, नसेल तर सरावाच्या फाइलचा उल्लेख करायचा. शेवटच्या वाक्यातली वेळही हिशेबानं आली आहे. ऑगस्टमध्ये मेलबर्न भारताच्या साडेचार तास पुढे असतं, म्हणजे आपल्याकडचे सकाळचे नऊ ते साडेबारा. तुम्ही खरोखर त्या वेळी बसणार असाल तरच हे लिहा. क्लायंटच्या घड्याळाप्रमाणे वेळ लिहिली की त्याला मनातल्या मनात आकडेमोड करावी लागत नाही.

भाषेबद्दल एवढंच. ‘डिअर रिस्पेक्टेड सर’, ‘काइंडली डू द नीडफुल’ हे आपल्याकडच्या सरकारी पत्रव्यवहारातून आलेलं इंग्रजी टाळा. क्लायंटचं नाव पोस्टमध्ये नसेल तर बरेचदा जुन्या अभिप्रायांत सापडतं, पण ते त्याचंच आहे याची खात्री नसेल तर नावाशिवाय सुरू केलेलं बरं. चुकीचं नाव लिहिलेलं पत्र बाकी कितीही चांगलं असलं तरी बाद होतं.

कुठे थांबायचं

अहवालासाठी पैसे मागितल्यावर ‘आधी एक फाइल फुकट करून दाखवा’ असं उत्तर आलं तर नम्रपणे नकार द्या. अपवर्कच्या नियमांत फुकट काम मागणं बसत नाही. पोस्टमध्येच टेलिग्रामवर या असं सांगितलं असेल, करार होण्याआधी बाहेर पैसे देण्याची भाषा असेल किंवा तुमच्याकडूनच नोंदणीचं डिपॉझिट मागितलं असेल, तर प्रपोजल लिहायला बसूच नका. फक्त दोन ओळींची, ‘एक्सेलवाला हवा, तपशील नंतर’ अशी पोस्टही सोडून द्यावी. तिथे वाचण्यासारखं काही नसतं, त्यामुळे वाचल्याचं दाखवताही येत नाही.

पत्रं पाठवल्यानंतर कुठे अडतं आहे हेही शोधता येतं. किती प्रपोजलं पाठवली, किती पाहिली गेली आणि किती ठिकाणी बोलावणं आलं, याची नोंद स्वतःच्या वहीत किंवा शीटमध्ये ठेवा, शेजारी सुरुवातीची ओळ लिहून. पत्रं पाहिलीच जात नसतील तर दोष सुरुवातीच्या ओळीत, प्रोफाइलच्या शीर्षकात किंवा उशिरा पाठवण्यात आहे. पन्नास जण आधीच रांगेत असताना सर्वोत्तम ओळही खाली राहते. पाहिली जातात पण उत्तर येत नसेल तर पायऱ्या, पुरावा आणि किंमत तपासा. उत्तर येतं आणि बोलणं तुटतं, तर पत्रात जे वचन दिलं त्यातलं काहीतरी प्रत्यक्ष बोलताना टिकत नाही. बहुधा ती मुदत असते किंवा अनुभवाचं ते एक वाक्य. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.